दोन सर्व्हर, एकच खतावणी

आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीला मी एक काम सांगितलं होतं. ब्लू-ग्रीन डिप्लॉयमेंट म्हणजे काय, हे तिने स्वतःच्या शब्दांत एका पानात लिहून पाठवायचं होतं. पुढच्या रिलीजला ती माझ्याबरोबर बसणार होती, आणि स्क्रीनकडे नुसतं टक लावून बसण्यापेक्षा काय चाललंय ते कळलेलं बरं. टिपण आलं, मी वाचलं आणि उत्तर लिहिलं: "सगळं बरोबर आहे, एक वाक्य सोडून. पण त्या एका वाक्यावर विसंबून रिलीज केलीस, तर आपल्या सगळ्या काउंटरांवरची नोंदणी बंद पडेल, आणि ब्लूकडे परत जाऊनही ती सुरू होणार नाही."

ते वाक्य डेटाबेसबद्दल होतं. हा विषय नीट शिकलेल्या, हुशार मुलांचीही गाडी नेमकी तिथेच अडते, म्हणून ते उत्तर जरा सविस्तर सांगतो.

आधी आमचं सॉफ्टवेअर. रक्त तपासायला तुम्ही लॅबमध्ये जाता, काउंटरवर कुणीतरी तुमचं नाव, वय, मोबाइल नंबर टाइप करतं, बारकोडचं लेबल छापून ट्यूबला चिकटवतं आणि संध्याकाळी तुमच्या मोबाइलवर रिपोर्टची लिंक येते. या सगळ्यामागे जे चालतं, ते आम्ही एका लॅबसाठी सांभाळतो. तिची काही केंद्रं हॉस्पिटलांच्या आत आहेत आणि तिथे रात्री दोनलाही पेशंट येतो. त्यामुळे 'देखभालीच्या कामासाठी सेवा रात्री 12 ते 4 बंद राहील' अशी पाटी लावायची सोय आम्हाला नाही. सॉफ्टवेअर बदलायचं ते चालू असतानाच.

त्यावरचा उपाय तिने नेमका लिहिला होता. सर्व्हरचे एकसारखे दोन संच ठेवायचे, एक ब्लू, दुसरा ग्रीन. आज लोक ब्लू वापरत असतील तर नवी आवृत्ती ग्रीनवर टाकायची. तिथे ती उघडून, चालवून, तपासून घ्यायची. तोवर काउंटरवरच्या कुणाला पत्ताही लागत नाही. खात्री पटली की सगळी वाहतूक ब्लूकडून ग्रीनकडे वळवायची. काही बिघडलं तर ती पुन्हा ब्लूकडे, कारण जुनी आवृत्ती तिथे जशीच्या तशी चालू असते. पुढच्या वेळी भूमिका उलट्या: ग्रीन लाइव्ह, नवी आवृत्ती ब्लूवर. मुख्य कोणता आणि राखीव कोणता असं कायमचं काही नसतं.

वाहतूक वळवणं म्हणजे काय, तेही तिला ठाऊक होतं. आमच्याकडे दोन्ही संचांच्या पुढे एनजिनएक्स उभा आहे. आलेली प्रत्येक विनंती कुठल्या सर्व्हरकडे पाठवायची हे त्याच्या एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तो पत्ता बदलायचा आणि `nginx -s reload` म्हणायचं. आधी हाती घेतलेल्या विनंत्या जुन्या पत्त्यावरच पुऱ्या होतात, नव्या विनंत्या नव्या पत्त्यावर जातात. कुणाचा अर्धा भरलेला फॉर्म अधांतरी राहत नाही. लोकांचं लॉगिन सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीत ठेवलं तर स्विच मारताक्षणी सगळे बाहेर फेकले जातील, ही बारीक गोष्टसुद्धा तिने न सांगता लिहिली होती. मला आवडलं ते.

आणि मग शेवटाकडे हे वाक्य: "डेटाबेसचीही ब्लू आणि ग्रीन अशी वेगळी प्रत असते, त्यामुळे मायग्रेशन आधी ग्रीनवर चालवून बघता येतं आणि काही बिघडलं तर ब्लूकडे परतलं की सगळं पूर्ववत."

मायग्रेशन म्हणजे डेटाबेसच्या रचनेतला बदल: टेबलात नवा रकाना घालणं, जुना काढणं, एका रकान्यातली माहिती दुसरीकडे नेणं. तर्क म्हणून तिचं वाक्य सरळ आहे. सर्व्हर दोन, तर डेटाबेसही दोन. शिवाय ॲमेझॉनच्या डेटाबेस सेवेत 2022 पासून 'ब्लू-ग्रीन' याच नावाची एक सोय आहे, तिच्यात खरोखरच डेटाबेसची दुसरी प्रत उभी राहते. तिने ते पान वाचलं होतं, हे नंतर बोलताना कळलं. पण ती सोय मुख्यतः डेटाबेसची आवृत्ती वाढवण्यासारख्या कामांसाठी आहे. तिच्यात ब्लूमधल्या नोंदी ग्रीनकडे वाहत राहतात. स्विच झाल्यावर ग्रीनमध्ये पडणाऱ्या नोंदी मात्र आपोआप ब्लूकडे परत येत नाहीत. आणि रकान्याचं नाव बदलण्यासारखी उलथापालथ ग्रीनमध्ये केली, तर नोंदींचा तो प्रवाहच तुटतो. आपण बोलतोय त्या ब्लू-ग्रीनमध्ये सर्व्हरचे संच दोन असतात, डेटाबेस बहुतेक ठिकाणी एकच असतो आणि दोन्ही संच त्याच डेटाबेसशी बोलतात. दुकानाला गिऱ्हाइकांसाठी दोन दारं असली तरी आत खतावणी एकच असते, तसं.

"पण सर, दोन का नाही ठेवायचे?" तिने विचारलं. प्रश्न रास्त आहे. समजा रात्री दहाला डेटाबेसची प्रत काढली, नवी आवृत्ती तपासली आणि दहा वाजून वीस मिनिटांनी स्विच मारला. त्या वीस मिनिटांत काउंटरांवर जे पेशंट नोंदले गेले ते ब्लूच्या डेटाबेसमध्ये आहेत, ग्रीनच्या नाहीत. ट्यूबवर बारकोड लागलाय, ट्यूब मशीनपाशी पोचली आहे आणि मशीन म्हणतंय असा पेशंटच नाही. हे टाळायला ब्लूमधून ग्रीनकडे नोंदी सतत वाहत्या ठेवता येतील. पण खरी पंचाईत परतीच्या वाटेवर आहे. अकरा वाजता ग्रीनमध्ये दोष सापडला आणि आपण ब्लूकडे परतलो, तर दहा-वीस ते अकरा या चाळीस मिनिटांतले पेशंट ब्लूच्या डेटाबेसला माहीतच नाहीत. दोन्ही बाजूंनी नोंदी वाहत्या ठेवायच्या म्हटलं, तर दोन डेटाबेसांची रचना वेगळी आहे. मुळात त्या वेगळेपणासाठीच हा सगळा खटाटोप होता. शिवाय एकच पेशंट दोन्हीकडे एकाच वेळी बदलला तर खरं कुणाचं मानायचं? एवढं निस्तरण्यापेक्षा डेटाबेस एकच ठेवणं शहाणपणाचं. फक्त त्याची किंमत ही, की डेटाबेसमध्ये केलेला बदल ब्लू आणि ग्रीन दोघांनाही त्याच क्षणी लागू होतो. त्याला रंग नसतो.

हे काही आत्ता कुणाच्या लक्षात आलेलं नाही. जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांच्या 'कंटिन्युअस डिलिव्हरी' या 2010 सालच्या पुस्तकाने ही पद्धत घरोघरी नेली. त्याच वर्षी मार्टिन फाउलर यांनी तिच्यावर एक छोटं टिपण लिहिलं. एवढ्याशा टिपणातही डेटाबेसची अडचण आहे आणि तोडगाही आहे: रचनेतला बदल नव्या आवृत्तीच्या रिलीजपासून वेगळा काढा, तो जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांना चालेल असा करा आणि आधीच लागू करून ठेवा. लोक बहुतेक चित्र पाहतात, दोन रंगांचे दोन चौकोन आणि मधला स्विच, आणि खालचा परिच्छेद राहून जातो.

आता आमचं प्रत्यक्ष काम. `patients` या टेबलात पेशंटचं नाव एकाच रकान्यात होतं, `full_name`. विमा कंपन्यांकडे बिलं पाठवताना नाव, मधलं नाव आणि आडनाव वेगळं मागतात, म्हणून एकाचे तीन रकाने करायचे होते. त्या मुलीने लिहिलेली मायग्रेशन अशी होती:

```sql
ALTER TABLE patients
  ADD COLUMN first_name text,
  ADD COLUMN middle_name text,
  ADD COLUMN last_name text;

-- नावांचे तीन भाग करून भरणे

ALTER TABLE patients DROP COLUMN full_name;
```

तीन रकाने घाला, जुन्या नावांचे भाग करून त्यांत भरा, जुना रकाना काढून टाका. कागदावर अगदी स्वच्छ. ग्रीनवर नवी आवृत्ती चढवताना ही चालवली, की ग्रीनला हवी तशी रचना तयार. पण ब्लू त्या वेळी लाइव्ह आहे, आणि ब्लूचा प्रत्येक प्रश्न `full_name` मागतो. शेवटची ओळ चालताक्षणी ब्लूला डेटाबेसकडून एवढंच उत्तर मिळू लागेल:

```
ERROR:  column "full_name" does not exist
```

आपण ग्रीनवर निवांत तपासणी करत बसलो असू आणि तिकडे काउंटरवर 'सेव्ह' दाबलं की लाल पट्टी. यातली लबाडी अशी, की आपल्या डॅशबोर्डवर ब्लू हिरवाच दिसेल. बहुतेक ठिकाणी सर्व्हर जिवंत आहे का हे पाहायला `/health` असा एक पत्ता असतो, त्याला दर काही सेकंदांनी हाक मारली जाते आणि तो '200' म्हणजे 'ठीक आहे' असं उत्तर देतो. ब्लूचा प्रोग्राम मेलेला नाहीच, त्याच्या पायाखालचं टेबल बदललंय. म्हणून रिलीजच्या वेळी हिरव्या दिव्याकडे न बघता '500' ने संपणाऱ्या विनंत्यांच्या आलेखाकडे बघायचं, आणि तेही दोन्ही रंगांच्या वेगवेगळ्या. ज्याला आपण हात लावलेला नाही, त्या रंगाचा आलेख उसळला तर ती मायग्रेशनचीच करणी.

मग मायग्रेशन स्विच मारल्यानंतर चालवली तर? तर तोवर ग्रीन `first_name` मागणार आणि तो रकाना अजून जन्मालाच आलेला नसणार. म्हणजे अडखळणं तेच, फक्त रंग बदलला. आणि अगदी त्याच सेकंदाला दोन्ही करायचं म्हटलं तरी ते जमत नाही. रीलोडनंतर हातातल्या विनंत्या ब्लू पुऱ्या करत असतो, त्या काही क्षणांत दोघेही डेटाबेसशी बोलत असतात.

या तिन्हींपेक्षा वाईट गोष्ट परतीची आहे. ग्रीन लाइव्ह झाला, तासाभराने त्यात दुसराच काही दोष निघाला, समजा रिपोर्टची पीडीएफ चुकीची छापली जातेय. नावांचा याच्याशी काही संबंध नाही. ब्लू-ग्रीनची सगळी मिजास ज्यावर उभी आहे तो क्षण हाच: स्विच मारा आणि मागे जा. पण मागे ब्लू आहे, आणि ब्लूला हवा असलेला रकाना राहिलेला नाही. परतायचा रस्ता आपणच उखडून ठेवलाय. रकाना पुन्हा तयार करता येईल, पण एकीकडे पीडीएफ चुकत असताना आणि दुसरीकडे फोन वाजत असताना लाखो नावं पुन्हा जोडत बसायचं. त्या क्षणी कुणी ते करू नये.

तर मी उत्तरात लिहिलेला नियम असा: डेटाबेसची रचना कुठल्याही क्षणी शेजारच्या दोन आवृत्त्यांना चालली पाहिजे, आत्ता लाइव्ह असलेली आणि तिच्या आधीची. त्यासाठी एक मोठा बदल एकदम न करता आधी रचना रुंद करायची, मग हळूहळू सगळ्यांना नव्या जागी न्यायचं आणि अगदी शेवटी जुनं काढून रचना अरुंद करायची. स्कॉट ॲम्बलर आणि प्रमोद सदलगे यांच्या 'रिफॅक्टरिंग डेटाबेसेस' या 2006 च्या पुस्तकात ही कल्पना आहे: जुनी आणि नवी रचना शेजारी शेजारी नांदतात असा एक संक्रमणकाळ ठेवायचा. आमच्याकडे बोलताना याला 'एक्स्पांड-कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात.

आमच्या नावांच्या बाबतीत पहिलं पाऊल म्हणजे तिच्याच मायग्रेशनचा पहिला तुकडा, आणि तेवढाच. तीन रिकामे रकाने घालायचे, ते सक्तीचे ठेवायचे नाहीत. ब्लूला हे रकाने असल्याचं कळतही नाही; तो पूर्वीसारखा `full_name` लिहितो आणि वाचतो. हे काम रिलीजच्या आदल्या दिवशीही करता येतं, किंबहुना तसंच करावं.

इथे एक गोष्ट मी थोडी ताणून सांगितली, कारण ती पुस्तकी नाही. आम्ही पोस्टग्रेस वापरतो. त्यात असा रिकामा रकाना घालायला क्षणही पुरतो, पण त्या क्षणासाठी डेटाबेसला टेबलावर पूर्ण कुलूप लागतं. तेव्हाच कुणी महिन्याचा मोठा अहवाल काढत असेल आणि त्याचा प्रश्न त्या टेबलावर दहा मिनिटं चालणार असेल, तर आपला `ALTER TABLE` त्याच्या मागे रांगेत उभा राहतो. आणि आपल्या मागे सगळे. नुसतं नाव वाचायला आलेला साधा प्रश्नसुद्धा आपल्या मागे खोळंबतो. क्षणाचं काम, पण दहा मिनिटं लॅब ठप्प. त्यावर उपाय एका ओळीचा आहे:

```sql
SET lock_timeout = '2s';
```

दोन सेकंदांत कुलूप मिळालं नाही तर आमचा हुकूम स्वतःहून माघार घेतो, रांग मोकळी होते, आणि आम्ही थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो.

दुसरं पाऊल म्हणजे पहिली रिलीज. ग्रीनवर अशी आवृत्ती चढवायची, जी नाव दोन्हीकडे लिहिते: तीन नव्या रकान्यांत, आणि ते तीन जोडून जुन्या `full_name` मध्येही. वाचायचं मात्र अजून जुन्यातूनच. स्विच मारला, दोष निघाला, ब्लूकडे परतलो, तरी ब्लूला हवा तो रकाना पूर्ण भरलेला सापडतो. ग्रीनवर नोंदलेले पेशंटही त्याला दिसतात. आता 'मागे जा' या म्हणण्याला अर्थ आला.

मग जुन्या नावांचे भाग करायचे. ही लाखो नावांची भरणी एका दमात करू नये. हजार-दोन हजार ओळींच्या घासाने करावी, मध्ये थोडी उसंत ठेवावी, म्हणजे काउंटरवर कुणाला ओझं जाणवत नाही. आणि ती ब्लूच्या हातून लिहिणं बंद झाल्यावरच सुरू करावी. ब्लू लाइव्ह असतानाच भरणी उरकली, तर नंतर ब्लूने लिहिलेल्या ओळींत नवे रकाने रिकामेच राहतील आणि आपण मात्र काम झालं म्हणून खूश.

नावं तोडण्याचं काम प्रोग्रामवर सोपवणाऱ्यांना वाटतं तितकं सरळ नाही, हे आम्हाला तिथे कळलं. 'सुनीता प्रकाश जाधव' हे मराठी नाव तीन भागांत छान बसतं. पण दक्षिणेकडच्या माणसाची आद्याक्षरं आधी येतात, कुणाला आडनावच नसतं, कुणाच्या नावाआधी 'डॉ.' लिहिलेलं असतं. आणि प्रसूतिगृहातून आलेल्या नवजात बाळांची नोंद 'बी/ओ सुनीता जाधव' अशी, म्हणजे सुनीताचं बाळ. याचं पहिलं नाव काय लिहिणार? आम्ही ठरवलं, की शंका येईल तिथे अख्खं नाव `first_name` मध्ये ठेवायचं आणि पुढे माणसाने बघायचं. अंदाजाने तोडलेलं नाव विम्याच्या बिलावर गेलं, तर ते रिकाम्या रकान्यापेक्षा जास्त महागात पडतं.

भरणी झाल्यावर खात्री कशी करायची? त्या मुलीने आधी सुचवलं, की `first_name` रिकामं असलेल्या ओळी मोजू. चांगलं आहे, पण अपुरं. समजा भरणीनंतर काही कारणाने आपण तासभर ब्लूकडे गेलो आणि त्या तासात कुणीतरी काउंटरवर एका पेशंटचं आडनाव दुरुस्त केलं. ब्लू फक्त `full_name` बदलेल. नवे रकाने रिकामे नाहीत, पण शिळे झाले. म्हणून आम्ही दोन्ही ताडून पाहतो:

```sql
SELECT count(*) FROM patients
WHERE full_name IS DISTINCT FROM
  concat_ws(' ', first_name, middle_name, last_name);
```

तीन भाग मध्ये एकेक जागा सोडून जोडायचे आणि जुन्या पूर्ण नावाशी जुळतात का ते बघायचं. जुळत नाहीत अशा ओळी किती, एवढंच हा प्रश्न विचारतो. शून्य यायला हवं. जुन्या नोंदींत दोन शब्दांमध्ये दोन-दोन जागा सोडलेल्या असतात, त्या आधी साफ कराव्या लागतात, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

आमचा आकडा शून्यावर आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर गेलेला. थोडाच, पण गेलेला. ब्लू तर बंद होता. शोधल्यावर कळलं, की बाहेरच्या काही संकलन केंद्रांची यादी रात्री एका फाइलमधून थेट टेबलात घालणारी एक स्क्रिप्ट आहे. ती ना ब्लूमध्ये, ना ग्रीनमध्ये. तिसऱ्याच मशीनवर वर्षानुवर्षं चालू, आणि `full_name` च लिहिते. ब्लू-ग्रीनच्या चित्रात असल्या मंडळींना जागा नसते. अहवाल काढणारे, लेबल छापणारे, रात्री चालणारे हे प्रोग्राम त्याच टेबलाला चिकटलेले असतात आणि त्यांना कुठलाही रंग नसतो. तो आकडा रोज सकाळी पाहिला नसता तर ही स्क्रिप्ट सापडली असती ती रकाना काढल्यानंतर, तिच्या पद्धतीने.

पुढचं लवकर सांगतो. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे दुसऱ्या रिलीजमध्ये, वाचणं नव्या रकान्यांतून सुरू केलं. लिहिणं अजून दोन्हीकडे. परतायची वेळ आली तर आधीची आवृत्ती जुन्या रकान्यातून वाचते, आणि तो भरलेला आहेच. त्यानंतरच्या रिलीजमध्ये जुन्या रकान्यात लिहिणं थांबवलं. पण त्याआधी `full_name` वरची सक्ती काढावी लागते. तो रकाना मोकळा ठेवता येणार नाही असा मूळ नियम होता, तो तसाच राहिला असता तर पहिला नवा पेशंट नोंदवतानाच डेटाबेसने नकार दिला असता. ही सक्ती काढणं ही देखील रुंद करणारी मायग्रेशन आहे, म्हणून तीही स्विचच्या आधी.

या ठिकाणी परतीची वाट कुठवर आहे हे तिला विचारलं, तर तिने बरोबर सांगितलं: एकच पाऊल. लिहिणं थांबवलेल्या आवृत्तीवरून दोन्हीकडे लिहिणाऱ्या आवृत्तीवर जाता येतं, कारण ती नव्या रकान्यांतून वाचते. त्याच्याही मागे, जुन्या रकान्यातून वाचणाऱ्या आवृत्तीवर गेलो तर मधल्या काळातल्या पेशंटांची नावंच दिसणार नाहीत. सर्व्हर कितीही मागचा ठेवा, डेटाबेस तुम्हाला एका पावलापलीकडे मागे येऊ देत नाही.

तिची शंका होती, की एका रकान्यासाठी तीन रिलीज आणि मध्ये भरणी, हे जरा जास्तच नाही का. आहे. टेबल छोटं असेल, वापरणारे दहा असतील आणि रविवारी सकाळी अर्धा तास बंद ठेवलेलं चालणार असेल, तर सरळ बंद ठेवावं, बदल करावा, उघडावं. त्यात कमीपणा काही नाही. उलट नुसता नवा रकाना हवा असेल आणि जुनं काही जात नसेल, तर रुंद करण्याच्या एका पावलात काम भागतं. बहुतेक रिलीज अशाच असतात. हा लांबचा रस्ता फक्त नाव बदलणं, तोडणं, हलवणं आणि काढणं यांसाठी.

आणखी एक गोष्ट तिच्या टिपणात नव्हती, पण डेटाबेस एकच आहे म्हटल्यावर ओघाने येते. स्विचच्या आधी ग्रीनवर जी तपासणी करतो, ती खऱ्या डेटावर होते. तिथे 'टेस्ट पेशंट' नोंदवला तर तो लॅबच्या खऱ्या यादीत जातो, त्याच्या नावाचं लेबल खऱ्या प्रिंटरवर छापलं जाऊ शकतं, आणि एखादा नंबर भलताच टाइप झाला तर कुणा अनोळखी माणसाला त्याच्या साखरेचा रिपोर्ट तयार असल्याचा एसएमएस जातो. आम्ही तपासणीसाठी एक ठरावीक पेशंट आणि आमच्याच टीममधला एक नंबर राखून ठेवलाय. रांगेतली कामं उचलणारे ग्रीनचे प्रोग्रामही स्विचपर्यंत थांबवून ठेवतो, नाहीतर लाइव्ह नसलेला ग्रीन खऱ्या पेशंटांचे एसएमएस पाठवायला घेतो.

राहता राहिला `DROP COLUMN`. ते पाऊल कुठल्याही रिलीजला जोडायचं नाही, हे तिने या वेळी स्वतःच लिहिलं. मी फक्त तारीख पुढे ढकलली. तिने आठवडा म्हटलं होतं, मी महिनाअखेर उलटू दे म्हटलं, कारण हिशेब खात्याचा एक अहवाल महिन्यातून एकदाच चालतो आणि तो कुठला रकाना वाचतो हे सांगणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलाय. रकाना काढायच्या आधी त्याचं नाव बदलून दोन दिवस ठेवू, असंही ठरलं. कुणी ओरडलं तर नाव परत देता येतं आणि त्याला निमिषही लागत नाही. काढलेला रकाना मात्र बॅकअपमधूनच आणावा लागतो, आणि त्या कामात ब्लूची मदत होत नाही, ग्रीनचीही नाही.